चॅनेल डिझाइन: मध्यस्थ, साखळीची लांबी आणि भांडण कुठून येतं

प्रश्न: रिटेल मार्केटिंगचा पेपर आहे. मध्यस्थ, चॅनेलची लांबी आणि चॅनेल कॉन्फ्लिक्ट हे तिन्ही मुद्दे पाठ आहेत, पण केस आली की एकमेकांशी जोडता येत नाहीत. एखादं भारतीय उदाहरण घेऊन समजावून सांगाल का?

उत्तर:

जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटचा काही माल दुकानांना देणं थांबवलं होतं. वितरकांच्या देशपातळीवरच्या संघटनेचं म्हणणं असं, की जिओमार्ट, उडान, मेट्रो यांसारख्या बी-टू-बी कंपन्यांना माल स्वस्त मिळतो, तोच स्वस्त भाव दुकानदाराला त्यांच्या ॲपवर दिसतो आणि आमचा सेल्समन दुकानात खोटा पडतो. मागणी एकच होती : सगळ्यांना समान भाव. पुढे कंपन्यांशी बोलणी झाली. तुमचे तिन्ही मुद्दे या एका केसमध्ये आहेत, म्हणून हीच घेऊ.

सुरुवात मध्यस्थांपासून. टूथपेस्ट कारखान्यातून निघाली की आधी सी अँड एफ एजंटकडे जाते. हा कंपनीचा माल सांभाळतो, बिलं करतो आणि गाड्या भरून पुढे पाठवतो, पण मालाचा मालक होत नाही. त्याला कमिशन मिळतं. त्यानंतर येतो डिस्ट्रिब्युटर, ज्याला बरेच जण स्टॉकिस्टही म्हणतात. हा पैसे भरून माल विकत घेतो. म्हणजे मालकी त्याची, आणि माल पडून राहण्याची जोखीमही त्याचीच. त्याचे सेल्समन ठरलेल्या वारी ठरलेल्या बीटवर फिरून ऑर्डर घेतात आणि नंतर टेम्पो माल टाकतो. तालुक्याच्या पुढे, छोट्या गावांसाठी सुपर स्टॉकिस्ट आणि त्याच्याखाली सब-स्टॉकिस्ट अशी आणखी एक पायरी असते. शेवटी किराणा दुकानदार. एजंट आणि व्यापारी मध्यस्थ यांच्यातला फरक विचारला, तर मालकी कोणाकडे जाते एवढंच पाहायचं.

पायऱ्या वाढल्या की खर्चच वाढतो, असं विद्यार्थी सरसकट लिहितात. ते अर्धवट आहे. पाच कंपन्यांनी शंभर दुकानांना थेट माल द्यायचा ठरवला, तर 500 व्यवहार होतात. मध्ये एक डिस्ट्रिब्युटर आला, की 5 अधिक 100 म्हणजे 105. शिवाय दुकानदाराला पेटी नको असते. त्याला चार पेस्ट, सहा साबण, आठवड्याची उधारी आणि फुटका माल बदलून हवा असतो. पेटी फोडणं, उधारी देणं, वसुली करणं ही कामं कोणीतरी करावीच लागतात. मध्यस्थ काढून टाकता येतो, त्याचं काम काढून टाकता येत नाही. पुढचं भांडण समजण्यासाठी हे लक्षात ठेवा.

आता लांबी. निर्माता आणि ग्राहक यांच्यामध्ये किती पायऱ्या आहेत, एवढाच तिचा अर्थ. एकही नसेल तर शून्य-स्तर, फक्त दुकानदार असेल तर एक-स्तर, डिस्ट्रिब्युटर आणि दुकानदार असतील तर दोन-स्तर. किती दुकानांत माल ठेवायचा हा रुंदीचा प्रश्न. तो वेगळा आहे आणि पेपरात या दोन्हींची गल्लत हमखास होते. पेस्ट प्रत्येक दुकानात हवी, म्हणजे रुंदी जास्तीत जास्त. एवढ्या दुकानांपर्यंत कंपनी एकटी पोचू शकत नाही, म्हणून लांबीही वाढते.

याच्या उलट बाजूला एशियन पेंट्स आहे. ही मुंबईची कंपनी घाऊक व्यापाऱ्याला मध्ये न घेता थेट डीलरला माल देते. तिथे हे जमतं, कारण रंगाची दुकानं किराण्याच्या तुलनेत फार थोडी असतात आणि एका दुकानाची ऑर्डर मोठी असते. शिवाय दुकानातल्या टिंटिंग मशीनवर बेस आणि रंगद्रव्यं मिसळून हवी ती छटा बनते, त्यामुळे डीलरला प्रत्येक छटेचे डबे भरून ठेवावे लागत नाहीत. साठा कमी आणि पुरवठा वारंवार, म्हणून मधल्या साठवणदाराची गरज उरत नाही. एका दुकानाची ऑर्डर स्वतःच्या वाहतुकीचा खर्च सोसू शकते का, हे आधी तपासा. सोसत असेल तर साखळी आखूड करता येते. चार पेस्टची ऑर्डर तो खर्च सोसत नाही.

लांबीची किंमत आकड्यांत मांडता आली पाहिजे. पुढचे आकडे गणितासाठी धरलेले आहेत. कर वगळून ग्राहकाची किंमत 100 रुपये. दुकानदाराचा मार्जिन 10 टक्के, डिस्ट्रिब्युटरचा 5 आणि सुपर स्टॉकिस्टचा 2.5 टक्के, आणि हे सगळे ज्याच्या-त्याच्या खरेदी भावावर. मग दुकानदाराची खरेदी 100 भागिले 1.10, म्हणजे 90.91. डिस्ट्रिब्युटरची 90.91 भागिले 1.05, म्हणजे 86.58. सुपर स्टॉकिस्टची 86.58 भागिले 1.025, म्हणजे 84.47. कंपनीच्या हाती येतात 84.47 रुपये. बरेच जण 10, 5 आणि 2.5 यांची बेरीज करून 100 मधून 17.50 वजा करतात आणि 82.50 लिहितात. ते चूक, कारण प्रत्येक टक्का वेगळ्या रकमेवर बसला आहे. प्रश्नात मार्जिन विक्री किमतीवर दिला असेल तर भागाकाराऐवजी टक्केवारी वजा करत खाली यायचं. कोणत्या रकमेवर, हे वाचल्याशिवाय गणिताला हात लावू नका.

आता भांडणाकडे. पुस्तकात कारणं दिलेली असतात : उद्दिष्टं जुळत नाहीत, कामाची हद्द स्पष्ट नाही, परिस्थितीकडे पाहण्याची नजर वेगळी. ती बरोबर आहेत, पण डिस्ट्रिब्युटरचा हिशेब मांडला की ती दिसतात. महिन्याला 20 लाखांची खरेदी करून ती विकणारा एक डिस्ट्रिब्युटर धरा. 5 टक्क्यांनी त्याला 1 लाख मिळतात. दोन सेल्समन, टेम्पो आणि गोडाऊनवर 60 हजार जातात, उरतात 40 हजार. पंधरा दिवसांचा साठा म्हणजे 10 लाख, आणि बाजारातली उधारी व कंपनीकडे अडकलेले क्लेम, म्हणजे कंपनीकडून परत यायचे पैसे, मिळून 6 लाख. गुंतवणूक झाली 16 लाख. वर्षाला 4.8 लाख, म्हणजे 30 टक्के परतावा.

ॲपने त्याच्या भागातली 20 टक्के विक्री नेली असं समजा. आता खरेदी भावाने विक्री 16 लाख आणि मार्जिन 80 हजार. खर्च मात्र 60 हजारच, कारण टेम्पो त्याच गल्ल्यांतून फिरतो आणि सेल्समनचा पगार तोच असतो. उरले 20 हजार. विक्री पाचव्या हिश्श्याने घटली आणि नफा निम्मा झाला. कंपनीने टार्गेट खाली आणलं नाही आणि साठा तेवढाच भरावा लागला, तर 16 लाखांवर वर्षाला 2.4 लाख, म्हणजे 15 टक्के. त्याच महिन्यात कंपनीच्या वहीत एकूण विक्री वाढलेली असू शकते, कारण ॲपवरचा मालही तिचाच आहे. एकाच महिन्याचे हे दोन हिशेब शेजारी ठेवले की उद्दिष्टं जुळत नाहीत म्हणजे काय, ते परीक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही.

प्रकार ओळखताना कोण कोणाशी भांडतोय ते पाहा. कंपनी विरुद्ध तिचा डिस्ट्रिब्युटर हा उभा संघर्ष. दोन डिस्ट्रिब्युटर एकमेकांच्या हद्दीत घुसले तर आडवा. डिस्ट्रिब्युटर विरुद्ध ॲप हा बहु-चॅनेल संघर्ष. 2022 च्या केसमध्ये मूळ भांडण बहु-चॅनेल होतं, पण वितरकांनी माल अडवला तो कंपनीचा, म्हणून ते उभंही झालं. दोन्ही लिहा. फक्त एक लिहिलं तर उत्तर अर्धं राहतं.

आडवा संघर्ष पुस्तकात दोन ओळींत उरकतात, प्रत्यक्षात मात्र तो रोजचा आहे. महिनाअखेर टार्गेट पुरं होत नसतं, म्हणून डिस्ट्रिब्युटर स्वतःला मिळालेली स्कीमची सवलत पुढे देऊन घाऊक व्यापाऱ्याला मोठा माल देतो. तो माल शेजारच्या तालुक्यात कमी भावाने उतरतो आणि तिथला डिस्ट्रिब्युटर ओरडतो. ओळखायचं कसं? त्या तालुक्यातल्या दुकानांत फळ्या भरलेल्या दिसतात, पण ऑर्डर घटलेली असते. पेटीवरचा बॅच नंबर पाहिला की तो माल कोणाच्या बिलावर गेला ते कळतं. आणि ज्या डिस्ट्रिब्युटरची विक्री महिन्याच्या शेवटच्या चार-पाच दिवसांत गोळा झालेली असते, तिथे पहिली शंका घ्यायची. दोष एकट्या डिस्ट्रिब्युटरवर टाकू नका. टार्गेट लावणारा कंपनीचा सेल्स ऑफिसर यात बरोबरीने सामील असतो, असं माझं मत आहे.

उपायांत बहुतेकजण ‘संवाद वाढवावा’ लिहून थांबतात. त्याला फार गुण मिळत नाहीत. ठोस लिहायचं तर पहिला उपाय म्हणजे चॅनेलनुसार वेगळा पॅक. मोठ्या दुकानसाखळीला आणि ॲपला मोठा किंवा जोड पॅक, किराण्याला छोटा. मग भावांची सरळ तुलना होत नाही. दुसरा, कामाप्रमाणे पैसे. नुसत्या खरेदीच्या प्रमाणावर सवलत दिली, की मोठा खरेदीदारच जिंकतो. त्याऐवजी किती दुकानांत माल पोचवला, छोट्या दुकानांना उधारी दिली का, जुना माल परत घेतला का, यावर मार्जिनचा काही भाग ठेवला तर डिस्ट्रिब्युटर जे काम करतो त्याची किंमत त्याला मिळते. वर म्हटलं तसं, काम उरतंच, म्हणून पैसे कामाच्या मागे गेले पाहिजेत. तिसरा, हद्द आणि टार्गेट एकत्र ठरवणं : ॲपला कोणते पिनकोड दिले हे डिस्ट्रिब्युटरला आधी सांगायचं आणि त्याचं टार्गेट तेवढं खाली आणायचं.

‘कंपनीने सगळ्यांना ठरावीक भावाखाली विकायला बंदी करावी’ हा उपाय मात्र लिहू नका. भारतात प्रतिस्पर्धा कायदा, 2002 च्या कलम 3(4) मध्ये पुनर्विक्रीची किंमत बांधून देण्याचा उल्लेख आहे आणि त्यामुळे स्पर्धेला बाधा येत असेल तर ते बेकायदा ठरतं. डीलरना ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सूट देण्यापासून रोखल्याबद्दल ऑगस्ट 2021 मध्ये स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला 200 कोटी रुपयांचा दंड केला होता. कंपनी स्वतः कोणाला कोणत्या भावाने विकते, हे तिच्या हातात आहे. घेणाऱ्याने पुढे किमान किती भावाला विकावं, हे सांगताना हे कलम आडवं येतं. वितरकांची समान भावाची मागणी पहिल्या प्रकारातली होती, हा फरक उत्तरात एका वाक्यात आला तरी पुरे.