रिकामा डबा परत येत नाही

"ताई, जूनमध्ये आम्ही साताऱ्याहून बेळगावला आलो. मुलगा सात वर्षांचा. सायकल घेतली, खेळणी आणली, तरी रोज रात्री विचारतो, 'आपल्या घरी कधी जायचं?' आणखी काय करू?"

तुमचं पत्र वाचून मला मनू आठवली (नाव बदललंय). आठ वर्षांची. वडील यंत्रमागावर, इचलकरंजीहून बेळगावच्या शहापुरात आले. रोज सकाळी हिचं पोट दुखायचं, रविवारी नाही. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हटलं, तेव्हा माझ्याकडे आणली.

ती रडली की बाबा काहीतरी आणायचे. तीन आठवड्यांत पाच खेळणी झाली होती. मी तिला जुन्या घराचं चित्र काढायला सांगितलं. तिने आधी आजीची गोधडी काढली, निळ्या काठाची. नव्या घरात जुनं नको, म्हणून आईने ती आजीकडेच ठेवली होती. मनूला द्यायची पहिली भेटवस्तू तीच ठरली. गोधडी मागवली आणि तिच्याच अंथरुणावर घातली.

दुसरी भेट मनूने द्यायची होती. दर शनिवारी संध्याकाळी स्टीलच्या छोट्या डब्यात थोडा कुंदा घालून शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या अक्कांकडे न्यायचा. डबा मनूच्याच हातात हवा, आईने मागे उभं राहायचं. आपल्याकडे रिकामा डबा कुणी परत करत नाही, त्यावरच माझा भरवसा होता. सोमवारी डबा शेंगा चटणी घेऊन परत आला, अक्कांच्या मुलीच्या हातून. पुढच्या शनिवारी जाताना मनू "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का, एवढं विचारायला शिकली होती.

मध्येच एका बुधवारी ती रडली आणि बाबा बाहुली घेऊन आले. गुरुवारी त्याच वेळेला रडू आलं. मुलं लबाडी करतात असं मी म्हणणार नाही. रडलं की बाबा जवळ येतात, एवढंच तिला कळलं होतं. म्हणून भेटवस्तूचा वार ठरलेला हवा, रडण्याशी भेटवस्तूचा संबंध नको. आजीचा फोनही आम्ही झोपेच्या वेळेवरून पाच वाजता, खेळायला जाण्याआधी आणला. अंथरुणात आवाज ऐकला की ती तासभर हुंदके देत राहायची. सहाव्या आठवड्यात पोटदुखी थांबली.

तुमच्या मुलाला आधी विचारा, साताऱ्याहून काय आणायचं राहिलं. आणि "घरी कधी" विचारल्यावर "हेच आपलं घर" म्हणून गप्प करू नका. "तिथलं काय आठवलं?" विचारा आणि ऐका. दिवाळीत जाणार असाल, तर तारीख कॅलेंडरवर त्याच्याच हाताने लिहून घ्या. नसाल तर खोटी तारीख देऊ नका.

शाळेत कन्नड कानावर पडत असेल, तर तो काही महिने कमी बोलेल. घरी मोकळं बोलत असेल तर तेवढ्याने घाबरू नका. पण जेवण तुटलं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं किंवा सुटीच्या दिवशीही पोट दुखलं, तर डब्याच्या भरवशावर थांबू नका. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, मग माझ्याकडे या.