नऊ टेबलं, नऊ नावं

“सोमवारी नव्या ऑफिसात जॉइन होतेय. टीम 11 जणांची आहे. मागच्या ठिकाणी एचआरच्या मॅडम मला एकेकाच्या टेबलाशी घेऊन गेल्या, तर तिसऱ्या माणसापर्यंत माझा आवाजच बसला. हात घामाने ओले. नाव तर एकाचंही लक्षात राहिलं नाही. या वेळी काय करू?”

दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत काही वर्षांपूर्वी डोंबिवलीची एक मुलगी यायची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तिला मेधा म्हणू. वय 26, अकाउंट्समधली दुसरी नोकरी, लोअर परळला रुजू व्हायला 3 आठवडे बाकी. पहिल्या नोकरीतली तिची गत थेट तुमच्यासारखीच झाली होती, फक्त तिच्या गोष्टीत एक हेडफोनवाला होता. मेधाने हात पुढे केला, त्याने मान वर केली नाही, आणि हात तसाच हवेत राहिला. “आखडू आहे,” असा शिक्का मारून ती मोकळी झाली. पुढे कळलं की व्हेंडरची बिलं पास करणारा तोच. तीन महिने ती त्याच्याकडे स्वतः न जाता दुसऱ्याच्या हाती कागद पाठवत राहिली.

मी विचारलं, “त्या दिवशी गाडीत काय करत होतीस?”

“वाक्य पाठ करत होते. हाय, मी मेधा, बी.कॉम., दोन वर्षांचा अनुभव, टॅली येतं... असं.”

“आणि टेबलांपाशी?”

“तेच म्हणत होते. चौथ्या वेळी माझं मलाच खोटं वाटायला लागलं.”

घोळ इथेच होता. समोरचा नाव सांगत असताना मेधाचे कान आतल्या वाक्याकडे आणि स्वतःच्या आवाजाकडे लागलेले. मग नाव राहणार कुठून? माल्कम ब्रेनर या संशोधकाने 1973 साली हे दाखवलं होतं. गोलात बसलेली माणसं आळीपाळीने शब्द वाचत होती. नंतर आठवायला सांगितलं, तर प्रत्येकाला आपल्या पाळीच्या अगदी आधी वाचलेले शब्द सगळ्यात कमी आठवले. टेबलाटेबलाने फिरताना दर मिनिटाला आपलीच पाळी असते. त्यामुळे नावं विसरलात म्हणून स्वतःची स्मरणशक्ती कच्ची समजू नका. त्या घटकेला ती कामावरच नव्हती.

घामाचंही तसंच. तो थांबवायला मेधा ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरायची. मूठ आवळली की तळवा अधिकच ओला, आणि लक्ष पुन्हा हाताकडे.

दुसऱ्या बैठकीत आम्ही तो प्रसंग खोलीतच उभा केला. माझ्या सहकारी बाई आणि मी दोन “टेबलं” झालो. पहिल्या खेपेला मेधाने नेहमीसारखं केलं: पाठ वाक्य, मुठीत ओढणी, नजर माझ्या कपाळावर. दुसऱ्या खेपेला हे तिन्ही सोडायचं आणि फक्त समोरच्याचं बोलणं ऐकायचं. दोन्ही खेपा तिच्याच मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. पाहण्याआधी विचारलं, “पहिल्यात आवाज किती थरथरलेला दिसेल? 100 पैकी सांग.” म्हणाली 80. मग अट घातली: आत काय वाटत होतं ते बाजूला ठेव, ही मुलगी तुझ्या ओळखीची नाही असं समजून बघ. तिने स्वतःच 30 दिले. थरथर होती, नाही असं नाही. पण आतून जेवढी वाटली त्याच्या निम्मीही नव्हती. दुसरी खेप पाहताना मात्र ती हसली, कारण त्यात ती जास्त मोकळी दिसत होती आणि माझ्या सहकारी बाईंचं आडनाव तिला आठवत होतं.

ही चाचणी तुम्ही घरी बहिणीबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर रविवारी करू शकता. दोनच खेपा, आणि आधी आकडा कागदावर लिहिणं चुकवू नका. तो लिहिला नाही तर पाहिल्यावर मन सोयीने बदलतं.

पहिल्या दिवसासाठी आम्ही ठरवलं ते फार नव्हतं. एचआरबरोबरची फेरी ही तोंडओळख. तिथे स्वतःचं नाव, समोरच्याचं नाव कानाने ऐकून एकदा तोंडाने परत म्हणणं (“सुजाता, बरोबर ना?”), बस. शिक्षण, अनुभव, टॅली काहीही नाही. खरं बोलणं दुपारनंतर, तेही सगळ्यांशी नाही, दोघा-तिघांशी, आणि हातात कामाचा प्रश्न घेऊन. “व्हेंडरची बिलं तुमच्याकडे येतात ना? फाइल कुठे ठेवू?” प्रश्नाला उत्तर देताना माणूस स्वतःच बोलतो आणि आपली पाळी संपते. कानाला हेडफोन दिसला तर हात पुढे करायचा नाही. मान हलवायची, पुढे जायचं, नंतर परत यायचं. एरवीही हात आपणहून पुढे करायची सक्ती नाही. समोरच्याने केला तर मिळवा, नाहीतर नमस्कार मुंबईच्या कुठल्याही ऑफिसात चालतो, आणि नमस्काराला ओला तळवा कुणाला लागत नाही.

एक गोष्ट मी तिला मुद्दाम बजावली. टीममध्ये एखादे सावंत किंवा पाटील निघाले की आपण लगेच “गाव कुठलं?” सुरू करतो आणि तिथेच रमतो. शेजारी बसलेला गुजराती किंवा तमिळ सहकारी मग ऐकत राहतो. गाव विचारा, पण जेवणाच्या सुट्टीत.

सोमवारी मेधा नेहमीपेक्षा एक गाडी आधी निघाली. दादरला गाडी बदलून लोअर परळला उतरली, खालच्या मजल्यावर तोंड धुतलं, दहा मिनिटं नुसती उभी राहिली. गर्दीतला घाम आणि भीतीचा घाम एकत्र आला की दोन्ही भीतीच्याच खात्यावर जमा होतात, म्हणून ही दहा मिनिटं. तिच्या टीममधल्या नऊपैकी पाच नावं लक्षात राहिली. एकाला तिने चक्क चुकीच्या नावाने हाक मारली. तो म्हणाला, “मी नितीन. नितेश तो पलीकडे,” आणि आपल्या कामाला लागला. उरलेल्या चौघांना तिने त्याच दिवशी “नाव परत सांगता?” असं विचारलं. हे पहिल्या दिवशी सोपं असतं, महिन्याने अवघड. मंगळवारी दोघांनी तिलाच तिचं नाव पुन्हा विचारलं.

आवाज मात्र सहाव्या टेबलाशी बसलाच. तिने पाण्याचा घोट घेतला आणि सातव्याकडे गेली.

एवढ्याने सगळ्यांचं भागत नाही. या भीतीपायी मुलाखतीच टाळल्या जात असतील, आठवडेच्या आठवडे झोप उडत असेल, जेवताना कुणी पाहील म्हणून डबा बाथरूममध्ये खाल्ला जात असेल, तर ते पहिल्या दिवसाचं दडपण नाही. त्यावर उपचार आहेत आणि ते क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे नीट घ्यावे लागतात. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

तुमच्या पत्रावरून तुमचं तिथवर गेलेलं दिसत नाही. 11 जणांच्या यादीतून सोमवारी दुपारी कामासाठी कुणाकडे जावंच लागेल अशा दोघांची नावं एचआरला आजच विचारून ठेवा.