पोळी बंद करण्याआधी रक्त तपासा

प्रश्न : आठ महिने जुलाब होत होते, पोट फुगायचं, वजन सात किलो उतरलं. तीन महिन्यांपूर्वी गहू सोडला आणि बरं वाटलं. आता तपासणी केली तर रिपोर्ट नॉर्मल. म्हणजे सीलिअॅक नाही ना?

असं म्हणता येत नाही. ‘आधी गहू सोडून बघ’ या ऐकीव सल्ल्यामुळे निदान चुकतं, आणि हे मी सतत पाहतो. सीलिअॅकमध्ये गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. त्या अस्तरावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात, अन्न तिथूनच शोषलं जातं. ते झिजत सपाट झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही. म्हणून जुलाब होतात, वजन उतरतं. टीटीजी-आयजीए ही रक्तचाचणी त्या हल्ल्यात तयार होणारी प्रतिपिंडं मोजते. ग्लूटेन थांबलं की ती हळूहळू उतरतात, अस्तरही भरून येऊ लागतं. त्यामुळे तीन महिन्यांनंतरच्या नॉर्मल रिपोर्टवरून काहीच ठरत नाही.

साधारणपणे रोज एक-दोन पोळ्या सहा ते आठ आठवडे खाऊन तीच चाचणी पुन्हा करतात. सोबत आयजीए प्रकारची एकूण प्रतिपिंडंही मोजावी लागतात, कारण ती मुळातच कमी असतील तर चाचणी फसते. त्यानंतर एंडोस्कोपीत लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या अस्तराचे चार-पाच बारीक तुकडे तपासायला घेतात. हे सगळं पोटविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करा. पोळी सुरू केल्यावर त्रास फार वाढला तर लगेच त्यांना कळवा. आणि सात किलो वजन उतरणं साधं नव्हे. आतड्याच्या क्षयरोगातही असंच होतं. तेव्हा आणखी महिना घालवू नका.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, खपली गहू सीलिअॅकला चालतो. खरं का?

नाही. खपली गहूच आहे, त्यात ग्लूटेन असतंच.

प्रश्न : दोन वर्षं लोहाच्या गोळ्या घेतेय, हिमोग्लोबिन नऊच्या वर जात नाही. जुलाब अधूनमधूनच होतात.

लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं आणि सीलिअॅकमध्ये तोच भाग सर्वांत आधी बिघडतो. कितीतरी रुग्णांत जुलाब नसतातच, फक्त रक्त वाढत नाही. पाळीत जास्त रक्तस्राव होतो का, हेही डॉक्टरांना सांगा आणि टीटीजी करून घ्या. गोळ्यांचा ब्रँड बदलून उपयोग नाही.

प्रश्न : मुलाचं निदान पक्कं झालंय. ज्वारी-नाचणीची भाकरी देतो, तरी पोट फुगतंच.

भाकरी बरोबर आहे, पीठ कुठे दळता? गव्हानंतर त्याच गिरणीत ज्वारी टाकली की जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ त्यात येतं. घरी वेगळी छोटी चक्की असेल तर उत्तम. मग फोडणीचा हिंग बघा. डबीतल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, घटकांची यादी वाचा. सातूचं पीठही नको. सुरुवातीला काही काळ दूधही पचत नाही, कारण दुधातली साखर पचवणारं विकर त्याच अस्तरावर असतं. हे सांभाळूनही फुगणं राहिलं तर टीटीजी पुन्हा करा आणि आहारतज्ज्ञाला गाठा.