कॅलिब्रेशन प्लॉटमध्ये उजवीकडची रेघ खाली झुकते, म्हणजे मॉडेल चुकतंय का?

प्रश्न: सोलापूरसाठी ‘उद्या पाऊस पडेल का’ याची शक्यता सांगणारं मॉडेल केलंय. घरच्या डाळिंबाच्या बागेत फवारणी कधी करायची ते ठरवायला हवंय. मागच्या दोन पावसाळ्यांच्या 244 दिवसांवर तपासलं, एयूसी चांगला आहे. पण कॅलिब्रेशन प्लॉटमध्ये उजवीकडचे ठिपके कर्णरेषेच्या बरेच खाली आहेत. आकडे खाली देतोय. हे वाचायचं कसं?

| गट | सरासरी अंदाज | दिवस | पाऊस पडलेले दिवस |
|---|---|---|---|
| 0–0.2 | 0.08 | 120 | 18 |
| 0.2–0.4 | 0.30 | 56 | 17 |
| 0.4–0.6 | 0.50 | 32 | 13 |
| 0.6–0.8 | 0.70 | 22 | 11 |
| 0.8–1.0 | 0.90 | 14 | 8 |

उत्तर:

दिवसांची संख्या सोबत दिलीत हे फार बरं केलंत. नुसत्या चित्रावरून याचं उत्तर देता आलं नसतं.

आधी एक ठिपका नीट वाचू. शेवटच्या गटात 14 दिवस आहेत. त्या दिवशी मॉडेल सरासरी 90 टक्के म्हणत होतं, म्हणजे पाऊस साधारण 12–13 दिवस पडायला हवा होता. पडला 8 दिवस, म्हणजे 57 टक्के. म्हणून ठिपका आडव्या अक्षावर 0.90 आणि उभ्या अक्षावर 0.57 असा बसला. ठिपका कर्णरेषेच्या खाली असेल तर मॉडेलनं सांगितलं त्यापेक्षा कमी घडलं, वर असेल तर जास्त घडलं. हे उलटं वाचलं जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अक्षांची अदलाबदल. `calibration_curve` आधी प्रत्यक्षातलं प्रमाण परत देतं आणि मग अंदाज, त्यामुळे ते आलेल्या क्रमानंच प्लॉटला दिले की चित्र आडवं-उभं बदलतं:

```python
p = model.predict_proba(X_test)[:, 1]
obs, pred = calibration_curve(y_test, p, n_bins=5)
plt.plot(pred, obs, "o-")      # pred आडवा, obs उभा
plt.plot([0, 1], [0, 1], "--")
```

तुमच्या तक्त्याशी चित्र जुळतंय, म्हणजे ही चूक तुमची झालेली नाही.

आता सगळे ठिपके एकत्र पाहा. 67 दिवस पाऊस पडला, म्हणजे 27.5 टक्के. मॉडेलच्या अंदाजांची बेरीज केली तर साधारण 70 दिवस येतात. एकूण हिशोब जवळपास बरोबर आहे. मॉडेल सरसकट जास्त पाऊस सांगत असतं तर सगळेच ठिपके खाली गेले असते. `class_weight="balanced"` लावलं, किंवा पावसाचे दिवस नमुन्यात मुद्दाम वाढवले, की नेमकं तेच दिसतं. तुमच्याकडे तसं नाही. डावीकडचा ठिपका रेषेच्या वर आहे, 0.30 चा रेषेवर आहे आणि उजवीकडचे खाली. रेघ कर्णापेक्षा आडवी पडली आहे आणि एकूण सरासरीच्या आसपास कर्णाला छेदते. याचा अर्थ मॉडेलला दिशा कळते, पण ते स्वतःच्या माहितीपेक्षा जास्त खात्रीनं बोलतं: कोरड्या दिवशी फार कमी सांगतं, ओल्या दिवशी फार जास्त. एयूसीमध्ये हे कधीच दिसणार नाही. तो फक्त दिवसांचा क्रम बघतो, आणि सगळे अंदाज निम्मे केले तरी क्रम तोच राहतो.

पण 14 दिवसांवर एवढा विश्वास ठेवायचा का? ठेवायच्या आधी प्रत्येक ठिपक्याला त्याची अनिश्चितता लावा. `statsmodels` मधलं `proportion_confint(8, 14, method="wilson")` चालवलं तर 33 ते 79 टक्के असा पट्टा मिळतो. पट्टा भला मोठा आहे, तरी 90 त्याच्या बाहेर आहे. मधल्या गटात 32 पैकी 13, म्हणजे 41 टक्के. त्याचा पट्टा साधारण 25 ते 58. त्यात 50 बसतात, म्हणून त्या ठिपक्याचं खाली असणं हा नुसता योगायोगही असू शकतो. 0.70 चा ठिपका काठावर आहे, पट्ट्याचं वरचं टोक 69 ला संपतं. शिवाय पावसाचे दिवस एकामागोमाग येतात. ओला आठवडा म्हणजे सात सुटी निरीक्षणं नव्हेत, त्यामुळे खरे पट्टे या सूत्रापेक्षा रुंदच असतात. काठावरच्या ठिपक्यावरून म्हणूनच निष्कर्ष काढू नका.

तुमची नजर उजवीकडे गेली, कारण तिथलं अंतर मोठं दिसतं. फवारणीसाठी मात्र पहिला ठिपका महत्त्वाचा. तिथे 120 दिवस आहेत, म्हणजे निम्मा पावसाळा, आणि फवारणीचा निर्णय याच दिवसांत होणार. मॉडेल 8 टक्के म्हणतं, प्रत्यक्षात 15 टक्के. पट्टा 10 ते 22, म्हणजे 8 बाहेर. समजा तुम्ही ठरवलंत की शक्यता 20 टक्क्यांच्या आत असेल तरच फवारायचं. मॉडेलच्या भरवशावर तुम्ही बारा फवारण्यांत एक धुऊन जाईल असं धरणार, आणि प्रत्यक्षात सहा-सात फवारण्यांत एक धुऊन जाणार. चित्रात हे अंतर बोटभरही दिसत नाही, पण खिशाला लागतं ते हेच. हा गट फोडून 0–0.05, 0.05–0.1 आणि 0.1–0.2 असे तीन भाग करून बघा. 120 दिवस आहेत, तेवढं परवडतं.

दुरुस्तीकडे जायच्या आधी एक तपासणी, आणि ती चुकवू नका. रेघ आडवी पडण्याचं कारण मॉडेलबाहेरही असू शकतं. हवामान खात्याच्या नोंदीत दिवसाचा पाऊस म्हणजे आदल्या दिवशी सकाळी 8.30 पासून त्या दिवशी सकाळी 8.30 पर्यंतचा. सोलापुरात पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये येतो, आणि त्यातला बराच दुपारनंतरच्या गडगडाटी सरींचा. 10 तारखेच्या संध्याकाळी कोसळलेली सर नोंदीत 11 तारखेला दिसते. तुमचं मॉडेल कॅलेंडरच्या दिवसाचा अंदाज देत असेल आणि `y` नोंदीच्या तारखेचा असेल, तर मॉडेलनं बरोबर सांगितलेला पाऊस चुकीच्या दिवशी मोजला जातो. लागोपाठच्या दिवसांत साम्य असतं, म्हणून संबंध पूर्ण तुटत नाही, फक्त विरळ होतो. विरळ संबंधाचा प्लॉट नेमका असाच आडवा दिसतो. `y` एक दिवस मागे सरकवून पुन्हा प्लॉट काढा. रेघ कर्णाकडे उभी झाली तर दोष तारखेचा होता आणि मॉडेलला हात लावायची गरज नाही.

त्याच सुमारास ‘पाऊस’ म्हणजे काय धरलंय तेही बघा. 2.5 मिमी किंवा जास्त असेल तर तो पावसाचा दिवस, ही खात्याची व्याख्या. शिकवताना 0 च्या वर काहीही आणि तपासताना 2.5 अशी गल्लत झाली तर सगळे ठिपके खाली जातात. जागेचंही तसंच. ‘जिल्ह्यात कुठेतरी पाऊस’ आणि ‘सोलापूरच्या एका पर्जन्यमापकावर पाऊस’ या दोन शक्यतांत खूप फरक आहे. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत जिल्हा पसरलाय. एकीकडे सर येते तेव्हा दुसरीकडे ऊन असतं. बाग सांगोल्याकडे असेल तर सोलापूर शहराच्या मापकावर जुळवलेला प्लॉट त्या बागेबद्दल फारसं सांगणार नाही.

तारीख, व्याख्या, जागा तिन्ही ठीक निघाली आणि रेघ तरीही आडवीच राहिली, तर मॉडेल खरंच अतिखात्रीचं आहे. असं बहुधा शिकवणीच्या माहितीवर मॉडेल जास्त घट्ट बसल्यामुळे होतं. मॉडेल निर्णयवृक्षांचं असेल तर आधी त्या वृक्षांची खोली किंवा फेऱ्यांची संख्या कमी करून बघा. त्यानंतरही उरलं तर अंदाजांवर दोन आकड्यांची दुरुस्ती लावा:

```python
q = np.clip(p_cal, 0.001, 0.999)
z = np.log(q / (1 - q)).reshape(-1, 1)
fix = LogisticRegression(C=1e6).fit(z, y_cal)
print(fix.coef_, fix.intercept_)
```

`coef_` म्हणजे रेघेचा उतार. तो 1 च्या जवळ असेल आणि `intercept_` 0 च्या जवळ, तर दुरुस्तीची गरजच नाही. तुमच्या पाच ठिपक्यांवरून मी ढोबळ काढला तर उतार 0.48 च्या आसपास येतो आणि दुसरा आकडा −0.5 च्या. 1 पेक्षा इतका कमी उतार हेच अतिखात्रीचं माप. या दुरुस्तीनंतर 90 टक्क्यांचे साधारण 63 होतात आणि 8 चे 16. दिवसांचा क्रम बदलत नाही, म्हणून एयूसी जागच्या जागी राहतो. ब्रायर स्कोअर मात्र कमी व्हायला हवा. तो कमी झाला नाही तर दुरुस्ती उपयोगाची नाही असं समजा.

`p_cal` आणि `y_cal` मात्र या 244 दिवसांतले घेऊ नका. त्याच दिवसांवर दुरुस्ती बसवून त्याच दिवसांवर प्लॉट काढला तर तो सुंदरच येणार, आणि त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. या 244 दिवसांबाहेरचा एक आख्खा पावसाळा दुरुस्तीसाठी वेगळा ठेवा आणि दुसऱ्या पावसाळ्यावर तपासा. दिवस चिठ्ठ्या टाकून वाटू नका, नाहीतर एकाच ओल्या आठवड्याचे दिवस दोन्हीकडे जातील. आयसोटोनिक पद्धतीच्या मोहात इतक्यात पडू नका. तिला हजारभर नमुने तरी हवेत. एवढ्या कमी दिवसांवर ती पायऱ्यापायऱ्यांची रेघ काढते आणि प्रत्येक पायरी म्हणजे योगायोगाची नक्कल असते.

उजव्या टोकाबद्दल अपेक्षा माफक ठेवा. तिथला पट्टा ±10 टक्क्यांवर आणायचा तर त्या एका गटात 90–95 दिवस लागतात. तुम्हाला एका पावसाळ्यात मिळतात सात. म्हणजे एकाच मापकावर तेरा पावसाळे. जुने पावसाळे मॉडेलवर चालवता येत असतील तर तेच करा. पंढरपूर, बार्शी, मंगळवेढा इथले मापक जोडून दिवस वाढवायचे असतील तर एक लक्षात घ्या: एकाच तारखेच्या चार नोंदी म्हणजे चार स्वतंत्र दिवस नव्हेत. पट्टा काढताना नोंदी सुट्ट्या उचलू नका. आख्खे आठवडे उचलून बूटस्ट्रॅप करा, सगळ्या मापकांसकट.