पाऊस आधी आला, जाहिरात मागे राहिली: छत्री-रेनकोट दुकानदारांची प्रश्नोत्तरे

प्रश्न: दरवर्षी १ जूनला पेपरात जाहिरात आणि पत्रकं, हा आमचा ठरलेला क्रम. २०२५ ला मे महिन्यातच धो धो पाऊस झाला आणि आमची जाहिरात निघेपर्यंत लोकांनी छत्र्या घेऊन टाकल्या होत्या. आता वर्षाचं कॅलेंडर कुठल्या तारखांवर बांधायचं? (दुकानदार, मोती चौक, सातारा)

तारखांवर बांधूच नका, निदान सगळं तरी नको. केरळात १ जून, पुण्यात १० आणि मुंबईत ११ जून या पावसाच्या सर्वसाधारण तारखा. प्रत्यक्षात काय झालं ते बघा. २०२३ ला मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला पोचला आणि २०२५ ला २६ मेला. दोनच वर्षांत एक महिन्याची तफावत. साताऱ्याचा पाऊस त्याच्या मागेपुढेच असतो, त्यामुळे १ जूनची जाहिरात एका वर्षी तीन आठवडे लवकर होते आणि दुसऱ्या वर्षी आठवडाभर उशिरा.

तुमच्या दुकानात मात्र पावसाशी फारसं देणंघेणं नसलेला एक माल आहे, तो म्हणजे मुलांचे रेनकोट. गेल्या तीन वर्षांची बिलबुकं काढा. वहीत आठवड्यांच्या ओळी आखा आणि छत्र्या, मोठ्यांचे रेनकोट, मुलांचे रेनकोट असे तीन रकाने करा. चौथ्या रकान्यात त्या आठवड्याचा पाऊस लिहा. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय रोजचा पाऊस मिळतो. एक रविवार बसलात की काम होईल.

माझा अंदाज असा, की तिन्ही रकान्यांची शिखरं वेगवेगळ्या आठवड्यांत दिसतील. मुलांचे रेनकोट शाळा उघडण्याच्या आगेमागे विकले जातात, कारण आईवडील वह्या-दप्तराच्या खरेदीतच तेही उरकतात, मग बाहेर ऊन का असेना. छत्री पहिल्या खऱ्या पावसाच्या दोन-तीन दिवसांत उडते. गेल्या वर्षीची मोडलेली छत्री माणसाला पाऊस आल्यावरच आठवते. मोठ्यांचा रेनकोट त्यानंतर. दुचाकीवाला एक-दोनदा चिंब भिजतो, झड लागली की मग दुकानात येतो.

म्हणून मुलांच्या मालाची जाहिरात तारखेवर ठेवा. शाळा साधारण १५ जूनच्या सुमाराला उघडतात, तर पत्रकं जूनच्या पहिल्या आठवड्यात. २०२५ ला मे अखेरीपासून पाऊस दोन आठवडे थबकला होता, तरी ही जाहिरात चुकली नसती. छत्री आणि मोठ्यांच्या रेनकोटची जाहिरात तारखेवर न ठेवता खुणेवर ठेवा. हवामान खातं मेच्या मध्याला केरळातल्या आगमनाचा अंदाज देतं. तो आला की मजकूर छापून, फलक तयार करून आणि रिक्षावरच्या स्पीकरची परवानगी काढून ठेवायची. खर्च करायचा नाही. केरळात आगमन जाहीर झालं की दर्शनी भागातल्या पिशव्या-टोप्या मागे आणि छत्र्या पुढे. साताऱ्यात सलग दोन दिवस खरा पाऊस झाला की रिक्षा फिरवायची आणि संदेश पाठवायचे, त्याच दिवशी.

वळवाच्या सरीला फसू नका. ती दुपारी येते, तासाभरात ऊन पडतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, जूनमध्ये बघू. वळवाच्या पहिल्याच सरीला सगळा खर्च करून बसलेली दुकानं दरवर्षी दिसतात.

प्रश्न: वर्षाची विक्री बारा लाखांच्या आसपास आहे. जाहिरातीला किती पैसे काढावेत आणि ते कसे वाटावेत? आमचे बंधू म्हणतात सगळे जूनमध्येच घाला. (पोवई नाका, सातारा)

बंधूंचं निम्मं खरं आहे. तीन टक्के धरले तर छत्तीस हजार होतात. तुमच्या आकाराच्या दुकानाला तेवढे पुरेत.

चौदा हजार शाळेच्या खरेदीसाठी. त्यात पेपरात घालायची पत्रकं, शाळांजवळच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत ठेवायचे छोटे फलक आणि त्या दुकानदारांसाठी प्रत्येक पाठवलेल्या गिऱ्हाइकामागे काहीतरी. बारा हजार पहिल्या पावसाच्या आठवड्यासाठी बाजूला. ते पाकिटात बंद आणि खूण दिसेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. सहा हजार जुलै ते सप्टेंबरसाठी. उरलेले चार हजार हंगाम संपताना माल काढायला.

या वाटणीचं मर्म त्या बारा हजारांत आहे. समजा पाऊस २५ मेला आला, तर ते तेव्हा निघतील. २३ जूनला आला तर तेव्हा. पण मधल्या काळात "पाऊस येईना, जाहिरात तरी करू" या मोहात ते गेले, तर नेमक्या दिवशी हात रिकामा राहतो. उशिराच्या वर्षी हा मोह फार होतो, कारण दुकान ओस असतं आणि व्यापाऱ्याचा पैशासाठी फोन येत असतो.

एक अट आहे. माल दुकानात नसेल तर त्या आठवड्याची जाहिरात म्हणजे शेजारच्या दुकानाची जाहिरात. पहिल्या पावसात मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर आणि पुण्याच्या बोहरी आळीत सगळा महाराष्ट्र एकाच वेळी फोन करतो. तेव्हा हवा तो रंग, हवा तो साइज मिळत नाही, येईल ते घ्यावं लागतं. हंगामाचा मोठा भाग फेब्रुवारी-मार्चमध्ये सांगून एप्रिलअखेर दुकानात आणा. मुलांच्या रेनकोटमध्ये मधले साइज आधी संपतात आणि अगदी लहान-मोठे पडून राहतात, तेव्हा सेट घेताना व्यापाऱ्याशी मधल्या साइजसाठी भांडा. पत्रकावर "सर्व साइज उपलब्ध" छापलंत आणि सातवीतल्या मुलाचा साइज नाही निघाला, तर ती आई पुन्हा पायरी चढत नाही.

प्रश्न: आमच्याकडे फलटणला साताऱ्यासारखा पाऊसच नाही. जूनमध्ये साताऱ्याच्या दुकानांचं बघून जाहिरात केली, फुकट गेली. पालखीच्या वेळी काही करता येईल का?

साताऱ्याचं कॅलेंडर तुम्ही घेऊच नका. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तुमच्या फलटण, माण, खटाव पट्ट्यात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही जेमतेम. ढग घाटावर रिकामे होतात, तुमच्यापर्यंत वारा येतो. जून-जुलै कोरडे जाऊन उत्तरा-हस्ताच्या पावसात, म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात तुमच्याकडे खरी ओल होते. म्हणून तुमचा पहिल्या पावसाचा खर्च कमी ठेवा आणि काही रक्कम सप्टेंबरसाठी राखा. त्या वेळी साताऱ्यातली दुकानं माल काढत असतात, तेव्हा घाऊक व्यापाऱ्याकडूनही भाव बरा मिळतो.

तुमची दुसरी शिकार मार्चमध्ये आहे. तुमच्या भागात छत्री पावसापेक्षा उन्हासाठी जास्त वापरली जाते. आतून चंदेरी थर असलेली छत्री कॉलेजच्या मुली आणि लग्नसराईला निघालेल्या बायका घेतात, आणि आठवडी बाजारातले भाजीवाले हातगाडीची मोठी छत्री घेतात. होळीनंतर लगेच बाजाराच्या दिवशी दुकानासमोर एक मोठी छत्री उघडून उभी करा. त्या गिऱ्हाइकाला पत्रक वाचायला सवड नसते.

पालखीबद्दल. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा तुमच्या जिल्ह्यातून जाते. आषाढी एकादशीच्या साधारण आठवडाभर आधी ती फलटणच्या आसपास असते. ही तारीख दरवर्षी पंचांगात बघूनच लिहा. २०२५ ला एकादशी ६ जुलैला होती. २०२६ ला अधिक ज्येष्ठामुळे ती २५ जुलैला येते, म्हणजे जवळजवळ तीन आठवड्यांचा फरक. मागच्या वर्षीची तारीख उतरवली की तो माल गोदामातच राहणार.

त्या दोन-तीन दिवसांत जाहिरातीवर पैसे घालू नका. दिंड्या घरूनच तयारीने निघतात. वाटेत ज्याचा कागद फाटला किंवा हरवला तोच घेतो, आणि त्याला हलका, घडी करून पिशवीत बसणारा, स्वस्त प्लास्टिकचा कागद किंवा पातळ पोंचो हवा असतो. महागडा रेनसूट तो बघणारही नाही. मार्गावर एक टेबल, समोर किंमत मोठ्या अक्षरात आणि सुटे पैसे, बस्स.

प्रश्न: ऑगस्टमध्ये विक्री पडली की आम्ही वीस टक्के सूट लावतो. पुढच्या वर्षी तोच माल चालेल का, की काढावाच? (दुकानदार, कराड)

छत्री आणि रेनकोट यांना एकच नियम लावू नका. छत्री कोरड्या जागी, उभी टांगून ठेवली तर पुढच्या वर्षी नवीसारखी निघते. तिच्यावर सूट देणं म्हणजे पुढच्या जूनचा नफा ऑगस्टमध्ये वाटणं. फक्त काड्यांना गंज धरलेल्या आणि बटण अडकणाऱ्या वेगळ्या काढा.

रेनकोटचं तसं नाही. आतला प्लास्टिकचा थर उन्हाळ्यात माळ्यावर तापतो, घड्या एकमेकींना चिकटतात आणि पुढे थर सुटतो. ओळखायला सोपं आहे: घडी उलगडा, वाकलेल्या जागी पांढरी रेघ उमटली किंवा अंगठा दाबून उचलताना चिकटला, तर तो माल पुढच्या हंगामाला पोचत नाही. तो काढा, पण ऑगस्टमध्ये नव्हे. तुमच्या पश्चिमेला पाटण-कोयनेच्या बाजूला तेव्हा पाऊस चालूच असतो आणि तिकडचं गिऱ्हाईक पूर्ण किमतीत घेतं. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, दोन आठवडेच आणि फक्त रेनकोटवर सूट लावा. दरवर्षी ऑगस्टमध्ये सूट लागते हे लोकांना कळलं, की दुचाकीवाले जुलै भिजत काढतात आणि थांबून घेतात.

प्रश्न: व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक ऑफर टाकतो. कोणी बघत नाही. बंद करू का?

रोजचं बंद करा. तुमची ब्रॉडकास्ट यादी ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोचते, बाकीच्यांना संदेश जातच नाही, आणि एका यादीत २५६ जणच बसतात. म्हणून बिल देताना "नंबर सेव्ह करा, शाळेचे रेनकोट आले की कळवतो" एवढं म्हणा आणि यादी दोन भागांत करा: शाळेची मुलं असलेले आणि बाकीचे. वर्षातून पहिल्यांना तीन, दुसऱ्यांना दोन संदेश पुरेत. पहिल्या पावसाच्या सकाळी पाठवायचा संदेश आधीच लिहून ठेवा. त्यात किंमत, दुकान किती वाजेपर्यंत उघडं आहे आणि गाडी कुठे लावायची हे हवं. भर पावसात माणसाला तेच हवं असतं. त्याच दिवशी गूगल मॅप्सवरची दुकानाची वेळही बघून घ्या. रविवारी बंद असं दिसत असेल आणि पाऊस रविवारी आला, तर रस्ता विचारणारं गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं.