काहील आधी, नमस्कार नंतर

लेका,

काल रंकाळ्यावर भेळ खाताना तू म्हणालास, "क्लिप भारी आहे, लोकांनाच कळत नाही." घास घशातच अडकला माझा. अगदी हेच वाक्य मी दोन वर्षं म्हणत होतो.

तुझी गुऱ्हाळाची क्लिप 28 सेकंदांची. कितव्या सेकंदाला किती जण बघत उरले ते सांगणारा रिटेन्शनचा ग्राफ तू दाखवलास, पण नजर सगळी व्ह्यूजवर. ग्राफवर बोट ठेव आणि त्याच सेकंदाला क्लिप थांबव. तिसऱ्या सेकंदापर्यंत 100 टक्क्यांतले 56 टक्केच उरलेत. थोडी गळती सगळ्यांचीच होते, पण तुझी रेघ दुसऱ्या सेकंदापासून कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. बोटानं क्लिप सरकवायला माणसाला अर्धा-एक सेकंद लागतो, म्हणून कारण घसरणीच्या जरा मागं शोधायचं. मागं काय आहे? गुऱ्हाळाचं फाटक आणि "नमस्कार मंडळी, आज आपण आलोय..."

आता पुढं ये. सतराव्या सेकंदाला रेघ वर उचललीय. तिथं काहील कलंडते आणि उकळता पाक वाफ्यात पडतो. लोकांनी मागं जाऊन तेच परत बघितलंय. तुझी सुरुवात तिथं पडून आहे आणि तू फाटक दाखवत बसलायस!

पण घाईनं अख्खी काहील पुढं आणू नकोस. पाक पडलेला पहिल्याच सेकंदात दिसला तर पुढं बघायला उरलं काय? काहील कलायला लागते, गुळव्या ओरडतो, तिथंच काप. मग थेट मळी काढतानाचा शॉट. नमस्कार काढून टाक, गावाचं नाव पट्टीवर लिही. चौथ्या सेकंदापासून पुढचं काहीही बदलायचं नाही, नाहीतर फरक कशानं पडला ते कळणार कसं?

नवी क्लिप वेगळी टाक आणि शे-दीडशे व्ह्यूजवर निकाल लावू नकोस, तेवढ्यात चार मित्रांनीही रेघ हलते. मग परत बोट ठेव. कडा गेला आणि पुढची रेघ आधीसारखीच सपाट राहिली, तर दुखणं सुरुवातीतच होतं. कडा नुसता सहाव्या सेकंदाकडं सरकला असेल, तर सुरुवातीनं जे दाखवलं ते पुढं मिळत नाहीय. तेव्हा सुरुवात अजून भडक करू नकोस, आतला मजकूर बघ.

माझ्या क्लिपांना हलगीच्या ठेक्यावर फिरणारा लोगो असायचा, दोन सेकंदांचा. मित्रानं प्रेमानं करून दिलेला. रेघ दर वेळी तिथंच पडायची. मला दिसायचं, तरी काढला नाही. मित्राला वाईट वाटेल म्हणायचो. खरं म्हणजे स्वतःचं नाव फिरताना बघायला मलाच आवडायचं. तसा लोगो देखणा होता, हे आजही म्हणेन.

रविवारी सकाळी घरी ये. जुना आणि नवा, दोन्ही ग्राफ शेजारी-शेजारी उघडून आण. व्ह्यूजचा आकडा सांगायला तोंड उघडलंस तर चहा मिळणार नाही.

तुझा,
काका