फॉर्मसाठी एकच ईमेल

सायली, ठाणे स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत फॉर्म भरशील तेव्हा दुकानदाराला त्याचा ईमेल टाकू देऊ नकोस. पासवर्ड बदलायचा मेल त्याच्याकडे जातो; मी त्यापायी दोन दिवस हेलपाटे घातलेत.

नाव-आडनावाचं स्वतःचं खातं उघड. तो पत्ता आधीच कुणी घेतला असेल, तर मधे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर घाल. ‘क्यूटसायू’ मैत्रिणींपुरतं ठेव!

आणि टिंब सांभाळ. जीमेल पत्त्यातलं टिंब मोजत नाही, ते असो-नसो, मेल तुलाच येतो. फॉर्मची वेबसाइट मात्र मोजू शकते. नोंदणीत टिंब घातलंस आणि लॉगिनला विसरलीस, तर खातं सापडत नाही असं दिसेल. म्हणून पत्ता टिंबासकट वहीत लिही आणि प्रत्येक फॉर्मात तोच उतरव.